भरवशावरची प्रायव्हेट लिमिटेड

खंडेनवमीला भोसरी, चिंचवड आणि चाकणच्या गाळ्यांतल्या मशिनींना झेंडूच्या माळा चढल्या, आता लक्ष्मीपूजनाला वह्या आणि लॅपटॉप एकाच पाटावर बसतील. त्या पाटावर ज्या कंपन्यांचे हिशेब असतील, त्यांतल्या कितीतरी कागदावर प्रायव्हेट लिमिटेड आहेत आणि वागण्यात भागीदारी. मोठ्या वाहन कंपनीला पार्ट पुरवायचे, बँकेकडून सीसी लिमिट वाढवून घ्यायची, एमआयडीसीचा प्लॉट कंपनीच्या नावे करायचा, अशा कारणांनी दोन मित्र कधीतरी फर्मची कंपनी करतात. आकुर्डी स्टेशनाजवळच्या कंपनी निबंधकांच्या दफ्तरात नाव चढते, पण कारभार होता तसाच राहतो. एक जण शॉप फ्लोअर पाहतो, दुसरा खरेदी आणि ग्राहक. संचालक मंडळाच्या सभेचे इतिवृत्त सीएच्या ऑफिसात तयार होते आणि खरा निर्णय चहा घेता घेता झालेला असतो. लाभांश कधीच जाहीर होत नाही. नफा दोघांच्या पगारातून घरी जातो. या संपादकीयात आम्हाला एकच मुद्दा मांडायचा आहे. अशी कंपनी फाटते तेव्हा न्यायाधिकरणाने फक्त शेअरची टक्केवारी मोजू नये, दोघांमधला मूळ करार काय होता ते पाहावे. आणि कंपनी गुंडाळण्याचा अधिकार हाताशी ठेवून शक्यतो तिची रास्त वाटणी घडवून आणावी.

टक्केवारी कुठे आड येते, ते आधी पाहू. चाकणची एक काल्पनिक कंपनी घेऊ: साठ टक्के शेअर एका मित्राचे, चाळीस दुसऱ्याचे. सुरुवातीला एकाने थोडे भांडवल जास्त घातले म्हणून हा आकडा पडला. तेव्हा त्याकडे कुणी लक्षही दिले नाही. पुढे दुसरी पिढी आली किंवा नव्या मशीनच्या कर्जावरून बिनसले. कंपनी कायद्याच्या कलम १६९ नुसार संचालकाला काढायला भागधारकांचा साधा बहुमताचा ठराव पुरतो. आधी विशेष नोटीस द्यायची, त्याचे म्हणणे ऐकून घ्यायचे, मग मत घ्यायचे, आणि साठवाल्याचे मत जिंकणार हे ठरलेलेच. काढलेल्या मित्राचे शेअर कुणी हिरावत नाही. मात्र पगार बंद होतो, लाभांश तर कधी नव्हताच, आणि शेअर बाहेर विकायचे तर त्याला मंडळाची संमती हवी. चाळीस टक्क्यांचा मालक घरी बसतो, तरी त्याच्या फ्लॅटचे कागद बँकेत कंपनीच्या कर्जाला तारण म्हणून पडलेलेच असतात. कायद्याचे एकही अक्षर मोडलेले नसते.

नेमकी हीच स्थिती लंडनमधल्या गालिच्यांच्या एका व्यापाऱ्यावर आली होती, आणि तिच्यातून निघालेला निकाल आजही या विषयाचा पाया मानला जातो. इब्राहिमी आणि नझर हे १९४५ पासूनचे भागीदार. १९५८ साली त्यांनी धंद्याची कंपनी केली, वेस्टबोर्न गॅलरीज. दोघांचे पाचशे-पाचशे शेअर होते. मग नझर यांचा मुलगा जॉर्ज आला आणि दोघांनी आपापल्या वाट्यातले शंभर-शंभर त्याला दिले. त्या क्षणी बापलेकांकडे सहाशे आणि इब्राहिमींकडे चारशे असे गणित झाले. मित्राच्या मुलाला जागा करून देताना इब्राहिमींनी बहुमताची किल्लीही दिली होती. १९६९ मध्ये त्यांना संचालकपदावरून काढले. तिथेही लाभांश नव्हता, नफा संचालकांच्या मोबदल्यातच जात असे. पहिल्या न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला, अपील न्यायालयाने तो फिरवला आणि १९७२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने पुन्हा कायम केला. लॉर्ड विल्बरफोर्स यांच्या विवेचनाचे सार असे: कंपनी हे वेगळे कायदेशीर अस्तित्व असले, तरी तिच्या आत माणसे असतात. त्यांच्या आपसातल्या अपेक्षा आणि वचने काही वेळा कंपनीच्या नियमावलीत मावत नाहीत. परस्परविश्वासावर उभारलेली कंपनी, सर्वांनी किंवा काहींनी कारभारात भाग घ्यायचा ही समजूत, आणि शेअर विकण्यावर बंधन. यांपैकी एक किंवा अधिक खुणा असतील, तर कायद्याने दिलेला अधिकार वापरणेही अन्याय्य ठरू शकते.

आपल्या २०१३ च्या कायद्यात हे सूत्र कलम २७१ मध्ये आहे: कंपनी गुंडाळणे न्याय्य आणि समन्यायी आहे असे न्यायाधिकरणाचे मत झाले, तर तसा आदेश देता येतो. १९३२ च्या भागीदारी कायद्यातही फर्म मोडण्यासाठी हेच कारण आहे, आणि दोन्हींचे नाते त्यातच दिसते. पण भारतीय न्यायालये या वाटेने जपून चालली आहेत. १९७६ च्या हिंद ओव्हरसीज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व मान्य केले, पण त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीत गुंडाळणी नाकारली. १९९६ च्या किलपेस्ट निकालात न्यायालय आणखी कडक होते: तुम्ही स्वखुशीने कंपनीचे फायदे घेतलेत, मग तिचे नियमही सोसा, भागीदारीसारखी कंपनी हा युक्तिवाद सहजी मान्य होणार नाही. २०२१ मध्ये टाटा सन्सच्या खटल्यात हाच रोख दिसला. पिंपरीच्या टाटा मोटर्समुळे या पट्ट्याला ओळखीच्या असलेल्या त्या समूहाच्या मूळ कंपनीत शापूरजी पालनजी गटाचे अठरा टक्क्यांहून थोडे जास्त शेअर होते. त्याच गटातल्या सायरस मिस्त्री यांना २०१६ मध्ये अध्यक्षपदावरून दूर केले गेले. कंपनी १९१७ ची आणि हा गट तिच्यात आला १९६५ साली, तेव्हा भागीदारीचा पूर्वसंबंध कुठून आणणार, असा न्यायालयाचा कल होता.

आम्हाला हा निकाल पटतो, आणि आमचा मुद्दा त्यामुळे पडत नाही. टाटा सन्समध्ये कुणी शॉप फ्लोअरवर शेजारी उभे राहून पहिला पार्ट टर्न केला नव्हता. चाकणच्या आपल्या काल्पनिक कंपनीत ते झाले होते. किलपेस्टचा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण कंपनीचा पोशाख मर्यादित जबाबदारीसाठी घ्यायचा आणि भांडण आले की भागीदारीचा सदरा मागायचा, हे खरोखरच दुटप्पी वाटते. त्यावर उत्तर इतकेच, की मर्यादित जबाबदारीचा फायदा या मित्रांना बँकेने दिलेलाच नसतो. दोघांचीही वैयक्तिक हमी घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही. कंपनी करताना त्यांनी बहुमताच्या राज्याला संमती दिली, असे म्हणणे बहुधा कल्पितच असते. पुरावा मात्र ज्याने दाद मागितली त्याने द्यायचा. शेअर विकण्यावरचे बंधन दाखवून इथे काहीच सिद्ध होत नाही, कारण आपल्याकडे प्रत्येक प्रायव्हेट कंपनीच्या नियमावलीत ते असलेच पाहिजे. उपयोगी पडतात ते वेगळेच कागद: कंपनी होण्यापूर्वीचे भागीदारीपत्र, शेअर कमीजास्त असूनही वर्षानुवर्षे दोघांना सारखाच पगार, धनादेशावर दोघांच्या सह्यांची सक्ती, दोघांनी आपापल्या खिशातून कंपनीला दिलेली कर्जे. केवळ पैसे घालून घरी बसलेल्या नातेवाइकाला हे दाखवता येणार नाही, आणि दाखवता येऊही नये.

दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे. नफ्यात चाललेला कारखाना दोन माणसांच्या रुसव्यापायी बंद करायचा? गुंडाळणीचा आदेश झाला की कामगारांना तीच नोकरीवरून काढल्याची नोटीस समजली जाते. मशिनी लिलावात जातात. लंडनच्या येनिजे टोबॅको कंपनीत, १९१६ साली, न्यायालयाने हे केलेही होते. दोघे समान संचालक एकमेकांशी बोलत नसत, निरोप सचिवामार्फत जात, कंपनीचा नफा मात्र उत्तम होता. तरी ती गुंडाळली गेली. आजच्या भोसरीत असा आदेश कुणालाही जड जाईल. आपल्या काल्पनिक कंपनीचेच आकडे मांडू. चालू धंदा म्हणून, कर्ज वजा जाता, तिची किंमत सहा कोटी. चाळीस टक्क्यांचे दोन कोटी चाळीस लाख. लिलावात मशिनींना निम्मा भाव आला, बँक आणि कामगारांची देणी गेली, आणि समजा एक कोटी उरले. तर त्याला मिळतात चाळीस लाख. साठवाल्याचे तीन कोटी साठ लाखांचे साठ लाख होतात. गुंडाळणीत दोघेही बुडतात, आणि बहुमतवाला रुपयांत जास्त बुडतो. आमच्या मते या अधिकाराचे काम इथे आहे. टेबलावर तो नसेल, तर साठवाल्याला चाळीस टक्के योग्य भावाने विकत घेण्याची कसलीच घाई नसते. दोन वर्षे थांबले की उपाशी मित्र पडेल त्या भावाला सही करतो.

मग हे कायद्याच्या आडून धमकावणे झाले नाही का? होऊ शकते, म्हणूनच कलम २७३ मध्ये बांध घातला आहे: अर्जदाराला दुसरा उपाय उपलब्ध असून तो अवाजवीपणे गुंडाळणीच मागत असेल, तर न्यायाधिकरण ती नाकारू शकते. हा दुसरा उपाय म्हणजे कलम २४१ आणि २४२. तिथे एकाने दुसऱ्याचे शेअर विकत घ्यावेत असा आदेश मिळतो. पण गुंडाळणी न्याय्य ठरली असती इतकी स्थिती बिघडली आहे, आणि गुंडाळले तर अर्जदाराचेच नुकसान होईल, असे आधी दिसावे लागते. म्हणजे गुंडाळणीचे कारण सिद्ध करूनच गुंडाळणी टाळायची. मुंबईच्या खंडपीठापुढे जाणाऱ्या शहाण्या वकिलाने अर्जात दोन्ही गोष्टी मांडाव्यात, आणि समोरच्याने रास्त भावाचा देकार लेखी दिला असेल तर तो झिडकारू नये. झिडकारला, तर खटला हरायची पाळी अर्जदारावर येते, आणि ते योग्यच आहे.

आता भाव कसा काढायचा? अल्पमताचे शेअर नियंत्रण देत नाहीत म्हणून त्यांच्या किमतीतून काही टक्के कापायचे, ही मूल्यांकनकारांची नेहमीची रीत. बर्ड प्रिसिजन बेलोज या इंग्लंडच्या छोट्या इंजिनिअरिंग कंपनीच्या खटल्यात, ऐंशीच्या दशकात, न्यायालयाने भागीदारीसारख्या कंपनीत ही काटछाट नाकारली: ज्याला अन्यायाने बाहेर काढले, त्याला त्याच्या वाट्याइतकी किंमत. चाकणच्या हिशेबात काटछाट चाळीस टक्के धरली, तर दोन कोटी चाळीस लाखांचे एक कोटी चव्वेचाळीस लाख होतात. फरक एका चांगल्या व्हीएमसीपेक्षा मोठा आहे. तारीख कोणती धरायची हाही तसाच मोठा प्रश्न. काढून टाकल्यानंतर साठवाल्याने मुद्दाम ऑर्डर भावाच्या नव्या फर्मकडे वळवल्या असतील, तर काढल्याच्या दिवसाची किंमत धरणे रास्त. स्वतंत्र मूल्यांकनकाराला दोघांकडचे हिशेब सारखेच उघडे हवेत. आणि पैसे मिळाले तरी एक गाठ उरतेच, ती बँकेची. बँक या दाव्यात पक्षकार नसते, हमीपत्र कुणाच्या सामोपचाराने रद्द होत नाही. म्हणून शेअर घेणाऱ्याने ठराविक महिन्यांत कर्ज दुसऱ्या तारणावर फिरवून मित्राची हमी सोडवून आणावी, तोवर त्याला नुकसानभरपाईची लेखी हमी द्यावी, आणि हे न झाल्यास अर्ज पुन्हा जिवंत व्हावा, ही अट न्यायाधिकरणाच्या आदेशातच असायला हवी.