पंधरा रुपयांचा फरक, अडीचशेचा दंड

जनरल डब्यातले लोक फुकटे असतात, हे वाक्य मी एसीतल्या लोकांकडून फार ऐकलंय. माझं म्हणणं उलट आहे. जनरलमध्ये दंड भरणाऱ्या अनेकांच्या खिशात तिकीट असतं. फक्त ते चुकीच्या गाडीचं असतं, आणि हा घोळ तिकीट काढतानाच होतो.

पुणे ते मुंबई सीएसएमटी घ्या. अंतर १९२ किलोमीटर. सकाळी सहाच्या सुमारास सिंहगड एक्स्प्रेस निघते, नंबर ११०१०. सव्वासातला डेक्कन क्वीन, नंबर १२१२४. मार्ग तोच, शेवटचं स्टेशनही तेच. पण सिंहगड मेल-एक्स्प्रेस आहे आणि डेक्कन क्वीन सुपरफास्ट. जनरलच्या तिकिटावर सुपरफास्टसाठी १५ रुपये जास्त लागतात.

समजा एका पोरानं साडेपाचला घरी बसून मोबाइलवर मेल-एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. रिक्षा मिळाली नाही, सिंहगड गेली. तो डेक्कन क्वीनच्या जनरल डब्यात चढला. त्याच्या मते तिकीट आहे, डबाही बरोबर आहे. टीसीच्या मते गाडी वरच्या प्रकारची आहे. मग फरकाचे १५ आणि वर दंड. रेल्वे कायद्याच्या कलम १३८ प्रमाणे हा दंड किमान २५० रुपये. एकूण २६५. रोजंदारीवरच्या माणसाला हा आकडा काय असतो, ते सांगायला नको.

कोणी म्हणेल, नियम माहीत करून घ्यायला काय जातं? ठीक, करून घेऊ. गाडीचा नंबर १२, २० किंवा २२ नं सुरू होत असेल तर ती बहुधा सुपरफास्ट. त्यातच राजधानी, दुरंतो, वंदे भारतही येतात, पण त्यांना जनरल डबाच नसतो, तिथं हे तिकीट चालतच नाही. नक्की कुठली गाडी मिळेल याची खात्री नसेल तर सरळ सुपरफास्टचं तिकीट काढावं. ते साध्या एक्स्प्रेसमध्येही चालतं, उलटं चालत नाही. एक्स्प्रेसचं तिकीट आधीच काढलं असेल तर चढण्यापूर्वी खिडकीवर सुपरफास्टचा अधिभार वेगळा भरता येतो. आणि स्लीपर रिकामा दिसला तरी या तिकिटावर त्यात बसता येत नाही.

पण प्रश्न तसाच राहतो. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. कुठून कुठं जायचं ते ॲपला सांगितलेलं असतं, वेळापत्रक रेल्वेचंच असतं. तरीही मेल-एक्स्प्रेस की सुपरफास्ट, हे निवडायचं प्रवाशानं. त्या निवडीखालीच 'या तिकिटावर ११०१० चालेल, १२१२४ चालणार नाही' एवढी एक ओळ दाखवणं अवघड काम नाही. माझ्या टीममध्ये कोणी असा फॉर्म बनवला असता तर मी तो परत पाठवला असता.

वेळेचाही असाच गोंधळ. १९९ किलोमीटरपर्यंतचं तिकीट त्याच दिवशीचं, आणि काढल्यापासून तीन तासांत किंवा तिकडं जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत, यांतलं जे उशिरा असेल तोवर प्रवास सुरू करायचा. सुरू करायचा, संपवायचा नाही. साडेपाचचं तिकीट घेऊन सव्वासातला चढलेल्याला नऊ वाजता गाडीत 'तीन तास झाले' असं कोणी ऐकवलं, तर शांतपणे पुणे सोडल्याची वेळ सांगावी. २०० किलोमीटर आणि त्यापुढं मात्र तिकीट तीन दिवस आधी काढता येतं. म्हणून नाशिक रोडहून मुंबईला येणाऱ्याला ते आगाऊ मिळत नाही, मनमाडहून येणाऱ्याला मिळतं. मालेगावकरांनी मनमाडच्या खिडकीवर पहाटे रांग लावण्याआधी हे लक्षात घ्यावं.

मोबाइलवर RailOne मध्ये अनारक्षित तिकीट निवडलं की दोन वाटा असतात: पेपरलेस, किंवा छापून घ्यायचं. पेपरलेस तिकीट स्टेशनच्या आवारात शिरण्याआधी काढायचं. आत पोचला असाल तर तिथं लावलेला क्यूआर कोड स्कॅन करून काढता येतं. टीसीला दाखवायचं ते ॲपमध्ये उघडूनच. स्क्रीनशॉट चालत नाही, त्यामुळे अम्मीचं तिकीट स्वतःच्या फोनवर काढून तिला व्हॉट्सॲपवर पाठवू नका. फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट. आणि पेपरलेस तिकीट रद्द होत नाही. १९९ किलोमीटरपर्यंतचं छापील तिकीट मात्र तीन तासांत खिडकीवर परत देऊन ३० रुपये कापून पैसे मिळतात.

हा शेवटचा फरक मला सगळ्यात जास्त खटकतो. जनरलचं तिकीट जागेची हमी देत नाही. डबा दारापर्यंत भरलेला असला की पोराबाळांसह आलेली बाई फलाटावरच राहते. तिच्या हातात कागद असेल तर तिला पैसे मिळतील, फोन असेल तर नाही. रांग टाळा, फोन वापरा, असं रेल्वेच सांगते. मग फोन वापरणाऱ्याला परताव्याचा हक्क कागदवाल्यापेक्षा कमी का?