पहिला संसार, पहिली खरेदी : कुकर

नव्या गावात पहिल्यांदा बिऱ्हाड मांडणारे तरुण जवान यादी मागतात. माझं मत स्पष्ट आहे. यादी कुकरपासून सुरू करा आणि एका काळ्या ट्रंकेत मावेल तिथे थांबवा. मिक्सर, डिनर सेट वगैरे नंतर बघता येईल.

कुकरच पहिला का, हे लेहला कळतं. लेह साधारण साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब कमी असल्याने तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. पुण्यात ते ९८ला उकळतं. उघड्या पातेल्यात पाणी खळखळतं, पण तूरडाळ काही शिजत नाही. गॅस मोठा केला तर पाणी आटतं, तापमान वाढत नाही. कुकर वाफ कोंडून तेच तापमान शंभराच्या वर नेतो.

दोघांसाठी पाच लिटरचा, आत डबे बसणारा कुकर घ्या. तीन लिटरचा स्वस्त पडतो, पण त्यात डाळ-भात एकदम लावता येत नाही आणि गॅस दुप्पट जळतो. डाळ अर्धा तास भिजवा. तळाला दोन वाट्या पाणी घाला, खालच्या डब्यात डाळ, वरच्यात तांदूळ ठेवा. नळीतून वाफ जोरात, सलग येऊ लागली की मगच शिटी बसवा, म्हणजे आतली हवा निघून जाते. पहिली शिटी झाली की गॅस बारीक करा. पुण्यात दहा मिनिटं लागत असतील तर लेहला पंधरा धरा, कारण बाहेरचा दाब कमी असल्याने कुकरच्या आतलं तापमानही थोडं कमीच राहतं. शिट्या मोजू नका, घड्याळ बघा.

शिटी होत नाही आणि झाकणाच्या कडेने पाणी ठिबकतंय, तर रिंग कडक झाली समजा. रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे, त्याच मापाचे, एकेक जादा घरूनच न्या. तळाचं पाणी संपलं तर व्हॉल्व्ह वितळतो. तो त्यासाठीच असतो. त्या जागी पाचर मारून कुकर पुन्हा चढवणं म्हणजे बॉम्ब चढवणं.

बाकी यादी छोटी आहे : तवा, पोळपाट-लाटणं, कढई, झाकणाचं पातेलं, सांडशी, विळी किंवा सुरी, मिसळणाचा डबा, दोन ताटं, चार वाट्या, दोन पेले. घरासाठी झाकणाची बादली, तांब्या, केरसुणी, वाळत घालायची दोरी आणि टॉर्च.

पाहुणे आले तर ताटं शेजारून येतात. आपल्या लाइनीत कुणी नाही म्हणत नाही. पण संध्याकाळी सात वाजता कुणी आपला कुकर देत नाही, कारण तेव्हा तो त्यांच्याच गॅसवर असतो.