शेळीमागचा हिशेब

तीन बंद दारे. एकामागे मोटार, दोनांमागे शेळ्या. आपण एक दार निवडायचे. मोटार कुठे आहे हे ठाऊक असलेला सूत्रसंचालक उरलेल्या दोनांपैकी शेळीचे दार उघडतो आणि विचारतो, ‘आता दार बदलणार का?’ अमेरिकेतल्या ‘लेट्स मेक अ डील’ या कार्यक्रमावरून निघालेले हे कोडे. आपल्याकडे त्याच खेळाचा अवतार ‘खुल जा सिम सिम’ नावाने दूरचित्रवाणीवर येऊन गेला. (संगमनेरी शेळीच्या मुलखात शेळी लागली तर नशीब फुटले असे कोण म्हणेल, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.)

दोन दारे उरली म्हणजे निम्मी-निम्मी संधी, मग बदलून काय फरक पडतो, असे बहुतेकांना वाटते. १९९० साली मॅरिलिन व्हॉस साव्हंट यांनी ‘परेड’ साप्ताहिकात ‘बदला’ असे उत्तर दिले, तेव्हा सुमारे दहा हजार पत्रे आली. त्यांत पीएचडीधारकही शेकड्यांनी होते, आणि बाईंना गणित शिकवण्याची त्यांना मोठी घाई होती. बरोबर बाईच होत्या.

हिशेब तीनशे डावांचा करू. सरासरीने शंभर डावांत आपले पहिलेच दार मोटारीचे निघेल. तिथे बदलणारा फसला. उरलेल्या दोनशे डावांत आपण शेळीचे दार धरून बसलेलो असतो. दुसरी शेळी दाखवण्यावाचून संचालकाला गत्यंतर नसते, म्हणजे त्याने न उघडलेल्या दारामागे मोटारच. बदलणारा दोनशे वेळा जिंकतो, हट्टाने बसणारा शंभर वेळा. पटत नसेल तर एक एक्का आणि दोन दुर्र्या घेऊन घरी कुणाला तरी संचालक करा. तीस-चाळीस डावांत कल दिसू लागतो.

पण आता संचालकालाही मोटार कुठे आहे हे माहीत नाही, तो अंदाजाने दार उघडतो, असे धरा. त्या दोनशे डावांपैकी शंभरांत त्याच्याच हातून मोटार उघडी पडेल आणि डाव बाद होईल. शेळी दिसलेले दोनशे डाव उरतात आणि त्यांत बदलणारा व न बदलणारा शंभर-शंभरवर बरोबरीत सुटतात. समोर दिसणारे दृश्य तेच, उघडे दार आणि शेळी. उत्तर मात्र वेगळे. दुप्पट संधी येते ती संचालकाच्या माहितीतून आणि त्याच्यावरच्या बंधनातून. निव्वळ शेळी दिसल्याने काही होत नाही.

आणि आपण मोटारीचे दार धरले असेल तेव्हाच बदलण्याची लालूच दाखवणारा लबाड संचालक भेटला, तर बदलणारा दर वेळी हरणार. ‘लेट्स मेक अ डील’चे खुद्द सूत्रसंचालक माँटी हॉल यांनी १९९१ मध्ये हेच दाखवून दिले होते : बदलण्याची संधी प्रत्येकाला द्यायलाच हवी, असे बंधन त्यांच्यावर नव्हते.