नोकरीत ‘पीआयपी’ हातात पडला तर आधी काय बघायचं? गेवराईच्या एका उदाहरणातून समजून घ्या

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने त्या आर्थिक वर्षात साधारण दोन टक्के, म्हणजे सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करणार असल्याचं सांगितलं, आणि पुण्यातल्या आयटीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काळजीचे मेसेज फिरू लागले. त्याआधी जूनमध्ये याच कंपनीचा आणखी एक नियम चर्चेत आला होता. वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर हवं आणि ‘बेंच’वर, म्हणजे प्रोजेक्टविना, ३५ दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही.

हा नियम म्हणजे पीआयपी नव्हे. पण पीआयपीतला सगळ्यात मोठा घोळ त्यातून समजतो. २२५ हा आकडा अगदी स्पष्ट आहे, कुणीही मोजू शकतं. मात्र प्रोजेक्ट मिळणं हे कर्मचाऱ्याच्या एकट्याच्या हातात किती असतं?

पीआयपी म्हणजे नेमकं काय?

परफॉर्मन्स इम्प्रुव्हमेंट प्लॅन. काम कमी पडतंय असं कंपनीला वाटलं की कर्मचाऱ्याला एक कागद दिला जातो. काय कमी पडतंय, किती दिवसांत कुठपर्यंत आणायचं आणि नाही जमलं तर काय, हे त्यात लिहिलेलं असतं. साधारण एक ते तीन महिन्यांची मुदत असते. बऱ्याच ठिकाणी ‘पीआयपी आला’ म्हणजे ‘नारळ मिळाला’ असाच अर्थ घेतला जातो, आणि तो नेहमीच चुकीचा नसतो. पण नीट लिहिलेल्या प्लॅनमधून लोक सावरतातही. नीट लिहिणं म्हणजे काय, ते आयटीपेक्षा गेवराईत जास्त लवकर कळेल.

समजा, गेवराईतली एक शाखा

एका मायक्रोफायनान्स कंपनीची शाखा आहे असं धरू. तिथल्या फील्ड ऑफिसरकडे ४०० कर्जदार महिला आहेत. नोव्हेंबरमध्ये त्यातल्या ३३६ जणींचे हप्ते वेळेवर आले. म्हणजे ८४ टक्के. वरून मॅनेजरला फोन येतो आणि मॅनेजर लिहितो: ‘वसुली समाधानकारक नाही. एका महिन्यात ९८ टक्के करा, अन्यथा कारवाई होईल.’

आकडा आहे, तारीख आहे. तरीही हा प्लॅन नाही, धमकी आहे. कारण ६४ हप्ते का थकले हे कुणी बघितलंच नाही.

यादी समोर घेऊन बसलं की चित्र बदलतं. दिवाळीच्या सुमारास गेवराई तालुक्यातली कित्येक कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतात. आपल्या उदाहरणात ६४ पैकी ३८ जणी अशा गेलेल्या निघाल्या. त्यांचा हप्ता फोनवरून घ्यायचा की तारखा बदलून द्यायच्या, हा निर्णय कंपनीचा आहे. फील्ड ऑफिसरने कितीही फेऱ्या मारल्या तरी कुलूपच दिसणार.

उरल्या २६. या गावातच आहेत आणि बहुतेक तीनच गावांतल्या आहेत. त्या गावांतल्या सेंटर मीटिंगच्या नोंदी काढल्यावर दिसलं की ऑफिसर तिथे सतत उशिरा पोहोचतोय, दोन मीटिंगा तर झाल्याच नाहीत. बायका वाट बघून शेतात निघून गेल्या. ही त्याची चूक. पण एकाच दिवशी दोन टोकांची गावं त्याच्या वाट्याला लावली होती, ती मॅनेजरची.

मग प्लॅन कसा लिहायचा?

मोजमाप गावात असलेल्या ३६२ जणींचंच धरायचं. थकलेले हप्ते आज २६ आहेत. १ डिसेंबर २०२५ ला सुरुवात धरली तर डिसेंबरअखेर २०, जानेवारीअखेर १५ आणि १२ आठवड्यांच्या शेवटी ११ किंवा कमी. टक्केवारी हवीच असेल तर ही ९३ वरून ९७ होते. पण ‘२६ वरून ११’ हे डोळ्यांसमोर येतं, नावांसकट.

दुसरं उद्दिष्ट कामाच्या पद्धतीचं: प्रत्येक सेंटर मीटिंग ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत सुरू व्हावी. हे पूर्णपणे त्याच्या हातात आहे आणि सुधारणा होतेय का, हे पहिल्याच पंधरवड्यात दाखवतं. वसुलीचा आकडा हलायला वेळ लागतो.

इथे एक सावधगिरी. नुसता वसुलीचा आकडा मानेवर ठेवला तर माणूस रात्री दारात जाऊन बसतो. रिझर्व्ह बँकेच्या मायक्रोफायनान्स नियमांनुसार सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर कर्जदाराला फोन करणं हे जाचक वसुलीत मोडतं. कर्जदार ठरलेल्या जागी सलग दोनदा आली नाही, तरच घरी जाता येतं. ही मर्यादा प्लॅनमध्येच लिहायला हवी, म्हणजे ‘आकडा आणा, कसाही आणा’ असा अर्थ निघणार नाही.

मदतीलाही तारीख हवी

‘आवश्यक ते मार्गदर्शन केले जाईल’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पीआयपीत असतं आणि त्याचा काही उपयोग नसतो. आपल्या शाखेत मदत अशी लिहावी लागेल: ५ डिसेंबरपर्यंत मॅनेजर दोन लांबची गावं दुसऱ्या ऑफिसरकडे देईल किंवा त्यांचा वार बदलेल. पहिले तीन आठवडे एक अनुभवी सहकारी आठवड्यातून एक दिवस सोबत जाईल. स्थलांतरित ३८ जणींबद्दलचा निर्णय १५ डिसेंबरपर्यंत लेखी मिळेल.

आढावा दर दुसऱ्या सोमवारी: १५ आणि २९ डिसेंबर, १२ जानेवारी, मग २६ ला सुट्टी म्हणून २७ जानेवारी, ९ फेब्रुवारी आणि शेवटचा २३ फेब्रुवारी. प्रत्येक वेळी अर्धा तास पुरतो. आधी मॅनेजरने आपल्या वाट्याचं काय केलं ते लिहायचं, नंतर ऑफिसरचे आकडे, खाली दोघांच्या सह्या. गावं ५ ऐवजी २० डिसेंबरला बदलली असतील तर मुदतही तेवढीच पुढे सरकली पाहिजे. हे वाक्य प्लॅनमध्ये आधीच नसेल, तर शेवटी कुणी ते मानत नाही.

नुसता देखावा आहे हे कसं ओळखायचं?

सगळ्यात सोपी कसोटी म्हणजे तेच उद्दिष्ट शेजारच्या टेबलाला लावून बघणं. शाखेतला एकही माणूस ९८ टक्के आणत नसेल तर तुमच्याकडून ते मागणं सुधारणेसाठी नाही. दुसरी खूण: आढाव्याच्या तारखा येतात आणि जातात, मॅनेजर ‘नंतर बघू’ म्हणतो, आणि मुदत संपल्यावर थेट एचआरचा मेल येतो.

अशा वेळी सही नाकारून फारसं साधत नाही. सही करताना ‘प्रत मिळाली, उद्दिष्ट मान्य नाही, कारणं सोबत जोडली आहेत’ असं हाताने लिहा आणि फोटो काढून ठेवा. आढावा झाला नाही तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका: ‘आज ठरलेला आढावा झाला नाही, पुढची तारीख कळवावी.’ पुढे प्रकरण कामगार कार्यालयात किंवा कोर्टात गेलंच, तर खरी संधी दिली होती का हा प्रश्न निघतो, आणि तेव्हा तोंडी बोलण्यापेक्षा हे मेल उपयोगी पडतात.

मॅनेजरसाठीही हेच खरं आहे. १२ आठवड्यांनी गावं बदलून, सोबत माणूस देऊन, सहा आढावे घेऊनही थकलेले हप्ते २४ च असतील आणि मीटिंगा उशिराच सुरू होत असतील, तर ‘हे काम या माणसाला जमत नाही’ असं म्हणायला त्याच्याकडे कागद असतो. आकडा १३ वर आला असेल तर? ११ गाठले नाहीत म्हणून काढायचं, की महिनाभर मुदत वाढवायची? आमच्या मते वाढवायची. नवा माणूस आणला तर त्याला ४०० घरं ओळखायलाच तेवढे दिवस लागतात.