कोरडी दाढी, आधी बोटांनी

पाऊस लागला की जोयडा तालुक्यातल्या आपल्या सलूनवाल्या बांधवांकडे एक तक्रार वाढते. गिऱ्हाईक म्हणते, गालाला काही होत नाही, पण दाढी केल्याच्या दुसऱ्या दिवशी गळा पेटतो, बारीक पुटकुळ्या येतात आणि शर्टाची कॉलर टोचते. रामनगर असो की कुंभारवाडा, दोष बहुतेक वेळा पाण्याला, फेसाला नाहीतर हवेतल्या ओलीला दिला जातो. घामाने आणि ओलीने त्रास वाढतो हे खरे. पण तो फक्त गळ्यावरच का आणि तिथेही ठरावीक जागीच का, याचे उत्तर ओलीत सापडत नाही. ते केस कुठल्या दिशेला उगवतो यात सापडते.

आपली रोजची रीत आठवा. गिऱ्हाईक खुर्चीत बसले, कापड बांधले, पाणी मारले, फेस केला आणि वस्तरा हातात घेतला. पाणी मारताक्षणी केस मऊ होऊन त्वचेला चिकटतो आणि फेसाखाली तर दिसतही नाही. म्हणजे जी गोष्ट पाहून हात ठरवायचा, ती आपण पहिल्याच मिनिटाला झाकून टाकतो. मग हात सवयीने चालतो. पहिला फेरा वरून खाली, तो सुलटा. दुसरा खालून वर, तो उलटा. गालावर हे बहुतेकांना चालून जाते, कारण गालाचे केस साधारण खालीच झुकलेले असतात. गळ्याचे तसे नाही. हनुवटीखाली ते खाली येतात, कंठमण्याच्या खालचे पुष्कळांचे वर जातात आणि बाजूचे कुणाचे कानाकडे, कुणाचे मधे. ज्याचे गळ्याचे केस वर उगवतात, त्याच्यासाठी आपला पहिला ‘सुलटा’ फेराच उलटा असतो. एरवी चांगल्या कारागिराच्या हातून याच जागी काम बिघडते, म्हणून या अंकात एवढ्यावरच लिहितो आहे.

केसाचे मूळ त्वचेत सरळ उभे नसते, तिरके बसलेले असते. तो तिरकेपणा जन्माआधीच ठरलेला असतो. उलटे खरडून किंवा रोज वर ओढून विंचरून तो बदलत नाही. केस लांब असेल तर त्याला वळण लावता येते, पण मुळाची दिशा तीच राहते. शिवाय डावा आणि उजवा गाल एकमेकांसारखे असतील असे धरून चालू नये. पुष्कळदा नसतात.

आता वाचायचे कसे? खुंट किमान दोन-तीन दिवसांचे हवेत आणि पूर्ण कोरडे हवेत. गिऱ्हाइकाला मान ताठ ठेवून समोर पाहायला सांगा. मान मागे टाकली की गळ्याची कातडी ताणून वर सरकते आणि भोवऱ्याची जागा चुकते. दिवा डोक्यावरून नको, बाजूने यावा, म्हणजे खुंटांची सावली एका अंगाला पडलेली दिसते. मग मधल्या बोटाचे टोक हलके टेकवून एकाच जागेवरून चार दिशांना फिरवा: खाली, वर, कानाकडे, नाकाकडे. जिकडे बोट गुळगुळीत सरकते तिकडे केस झुकलेला आहे, जिकडे खरखरते तिकडे त्याचे टोक आडवे येते आहे. बोटाची खात्री नसेल तर कापसाचा बोळा फिरवा. उलट जाताना तो अडकतो, तंतू मागे सोडतो. कल्ल्यापासून सुरुवात करून गाल, जबड्याचा कोपरा, हनुवटीखाली आणि मग गळ्याच्या दोन्ही बाजू, असा क्रम ठेवला तर दोन मिनिटांत चेहरा हाताखालून जातो. दाढी वाढलेली असेल तर बारीक दातांच्या कंगव्याने ती खाली विंचरा आणि सोडून द्या. जो भाग परत उसळून आडवा होतो, त्याच्या मुळाची दिशा वेगळी आहे.

चारही दिशांना बोट थोडे सरकते आणि थोडे अडते अशी एखादी जागा लागली, तर तिथे भोवरा आहे. भात लोळल्यावर मधे जसा फिरलेला खळगा दिसतो, तसा हा दिसतो. तो सर्वांत जास्त आढळतो जबड्याच्या कडेखाली, कंठमण्याच्या एका किंवा दोन्ही बाजूंना. गालावर कमी आढळतो, पण असला तर फसवतो. ट्रिमर एकाच दिशेने फिरवला की भोवऱ्याच्या अर्ध्या भागातले केस सुलटे सापडतात आणि अर्ध्या भागातले उलटे. उलटे सापडलेले केस गार्डच्या मापावर कापले जातात. सुलटे सापडलेले पात्याखाली आडवे पडून थोडे लांब राहतात. गार्ड एकच, पण गालावर एक फिका आणि एक गडद असा डाग उठतो. मग कारागीर गडद भाग आणखी खाली घेतो, फिका त्याहून फिका दिसू लागतो आणि शेवटी सगळी दाढी उतरवायची वेळ येते.

यावर उपाय म्हणजे भोवऱ्यावर एक गार्ड मोठा लावून सुरुवात करायची आणि हात घड्याळाच्या काट्यासारखा वळवत, प्रत्येक भागात केस जिकडे झुकला आहे तिकडेच न्यायचा. बाजूच्या सपाट गालावरही सुलटेच चालवायचे, म्हणजे लांबी जुळते. सगळे सुलटे किंवा सगळे उलटे, दोन्ही जमते. मिसळ जमत नाही. गालावरची फिकी जागा भोवऱ्याची की चाईची, हे मात्र ट्रिमर लावण्याआधी पाहून घ्या. चाई असेल तर ती जागा बहुधा गोल आणि गुळगुळीत असते, बोटाला खुंट लागतच नाहीत. भोवऱ्यात खुंट लागतात, फक्त ते वळलेले असतात. जागा लाल, खपलीची असेल आणि केस धरल्यावर न दुखता निघून येत असेल, तर ती बुरशी असू शकते. गुरांच्या अंगावरची बुरशी गुरे सांभाळणाऱ्यांच्या दाढीत उतरते आणि या तालुक्यात गुरे घरोघरी आहेत. अशा दाढीला आपले हत्यार लावू नये, डॉक्टरकडे पाठवावे.

जोयड्याच्या बाजारातल्या एका सलूनमधले उदाहरण इथे सविस्तर सांगतो. गिऱ्हाईक विशीतला सिद्दी तरुण. हल्याळ, यल्लापूर आणि जोयड्याच्या पट्ट्यात आपल्या सिद्दी बांधवांची वस्ती आहे, हे तिथल्या कारागिरांना सांगायला नको. त्यांच्यापैकी पुष्कळांचा केस घट्ट कुरळा असतो. असा केस मुळातूनच वाकडा उगवतो. वस्तऱ्याने तो तिरका कापला गेला की त्याला धारदार टोक येते. ते टोक बाहेर येऊन वळते आणि शेजारच्या कातडीत घुसते. कातडी ताणून उलट्या हाताने कापला तर टोक त्वचेच्या आत मागे सरकते आणि बाहेर येण्याआधी आतूनच भिंत फोडते. दोन्ही प्रकारांत शरीर त्या केसाला काट्यासारखे वागवते, म्हणून गाठ येते. हा जंतूंचा आजार नाही, केसाच्या वळणाचा आहे. सिद्दी नसलेल्या कुरळ्या केसाच्या माणसालाही तो होतो.

हा तरुण आठवड्यातून दोनदा दाढी करून घेत असे, एक सुलटा आणि एक उलटा फेरा, अंगठ्याने कातडी खाली ताणून. त्या दिवशी पाणी मारायच्या आधी कारागिराने बोट फिरवले. गाल दोन्ही बाजूंना खालीच, तिथे गाठी जवळजवळ नव्हत्या. उजव्या गळ्याचे केस सरळ वर जात होते. डावीकडे, जबड्याच्या कडेखाली दोन बोटांवर, रुपयाएवढा भोवरा होता. गाठी कुठे होत्या? उजव्या गळ्याच्या खालच्या अर्ध्यात आणि डाव्या भोवऱ्याभोवती. म्हणजे उजवीकडे पहिलाच फेरा उलटा पडत होता आणि डावीकडे कुठलाही फेरा पुरता सुलटा पडत नव्हता. पोरगा म्हणाला, “काका, मी ब्लेड बदलून पाहिलं, साबण बदलला.” काकांनी त्याचेच बोट धरून त्याच्या गळ्यावर खालून वर फिरवले, मग वरून खाली. फरक त्याला लगेच कळला.

ठरले ते असे. गळ्यावर चार आठवडे वस्तरा बंद. दर चार दिवसांनी फक्त ट्रिमर, दीड मिलिमीटरच्या अर्ध्या गार्डने, कातडी न ताणता, उजवीकडे खालून वर आणि भोवऱ्यावर वळत. दाढी दिवसाला साधारण पाव ते 0.4 मिलिमीटर वाढते, म्हणजे चार दिवसांत दीड मिलिमीटरपर्यंत. त्यामुळे केस कायम दीड ते तीन मिलिमीटरच्या दरम्यान राहतो आणि नव्या केसाचे टोक कातडीत शिरण्याइतके जवळ राहत नाही. रोज रात्री कोमट पाण्यात भिजवलेले मऊ फडके गोल फिरवायचे, म्हणजे वर दिसणारी वळलेली टोके सुटतात. सुई लावायची नाही, केस उपटायचा नाही. उपटलेला केस आतून परत येताना तीच वाट धरतो. पहिल्या आठवड्यात गाठी वाढल्यासारख्या वाटतील, कारण आत शिरलेले केस अजून सुटलेले नसतात, हेही त्याला आधीच सांगून ठेवले. नाहीतर गिऱ्हाईक चौथ्या दिवशीच दुसऱ्या सलूनमध्ये जाऊन स्वच्छ दाढी करून घेते.

चौथ्या आठवड्यात बहुतेक गाठी बसल्या. काळे डाग राहिले, ते फिके व्हायला महिने लागतात. ज्या गाठी कडक होऊन वाढत राहतात किंवा ज्यांत पू धरतो, त्या आपल्या हद्दीतल्या नाहीत. त्यासाठी कारवारला वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे.

दाढीची खालची रेघ कुठे घ्यायची, तेही याच वाचनावर ठरले. कंठमण्याच्या वर दोन बोटे हा आपला नेहमीचा नियम. तो इथे लावला असता तर रेघ थेट भोवऱ्यातून गेली असती. भोवऱ्यातून वस्तऱ्याने काढलेली रेघ दोन दिवसांत फाटते, कारण खालून वर येणारे केस तिच्यावर चढतात आणि आडवे केस तिला ओलांडतात. म्हणून रेघ भोवऱ्याच्या खाली, बोटभर उतरवली आणि तिच्याखाली वस्तरा न लावता दीड मिलिमीटरवरून गार्डशिवायच्या झिरोपर्यंत उतार दिला. झिरोचा पट्टा कॉलरच्या वर फक्त तळाशी, जिथे गाठी नव्हत्या तिथे. दाढी थोडी खाली उतरलेली दिसते हे खरे. पण भोवऱ्याच्या वर रेघ घेण्याएवढी जागा जबड्याखाली नव्हती. ती असती तर वरचीच घेतली असती.

गणपतीच्या आदल्या दिवशी बाकावर माणसे बसलेली असताना दोन मिनिटे कुठून आणायची, असे बांधव विचारतील. नव्या गिऱ्हाइकाला दोन मिनिटे लागतात, जुन्याला नाही, कारण दिशा बदलत नाही. एकदा वाचलेला गळा वहीत उतरवून ठेवला की पुरे. साधे अंडाकृती तोंड, दोन्ही बाजूंना चार-चार बाण, भोवऱ्याच्या जागी गोल आणि कुठला गार्ड चालला त्याचा आकडा. दुकानात दोन कारागीर असतील तर ही वही जास्तच उपयोगी, कारण एकाने सुलटा केलेला गळा दुसरा पुढच्या खेपेला उलटा करतो आणि गाठी परत येतात. वाचकांनी अशी रेखाटने, गिऱ्हाइकाचे नाव न लिहिता, संपादकीय पत्त्यावर पाठवावीत. जबड्याखालच्या भोवऱ्यांची निवडक रेखाटने, त्यांवर चाललेल्या आणि फसलेल्या गार्डच्या मापांसह, येत्या अंकांत छापू.