चौकटीसाठी पूर कापू नका

विश्रामबागेत पावसाळ्यात एक प्रश्न हमखास कानी पडतो : “आयर्विनला पाणी किती फुटांवर आहे?” 1929 साली बांधलेल्या या पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीवर सारी सांगली लक्ष ठेवून असते. 45 फूट ही तेथील धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेले होते.

समजा, तुम्ही शाळेच्या प्रदर्शनासाठी या पातळीची नोंद ठेवायचे ठरवले. काठावरच्या एका उंच, ठरलेल्या जागेवरून तुम्ही रोज पट्टीचा उभा फोटो काढता. नंतर कळते की संगणकावर पाठवायचे सर्व फोटो चौरसच हवेत. अशा वेळी बहुतेक विद्यार्थी फोटो मधोमध ठेवून वरचा व खालचा भाग कापून टाकतात. ही रीत मोजमापाच्या फोटोंना घातक आहे, असे माझे मत आहे. ते का, हे हिशेबानेच पाहू.

मोबाईलचा उभा फोटो सामान्यतः 3000 पिक्सेल रुंद व 4000 पिक्सेल उंच असतो. त्यात पट्टीचा 20 ते 60 फूट हा भाग आला, तर एका फुटाला सुमारे 100 पिक्सेल मिळतात. चौरस करण्यासाठी वरचे 500 व खालचे 500 पिक्सेल कापले की दोन्हीकडचे पाच-पाच फूट जातात. उरते 25 ते 55 फूट. आता पाणी 22 फुटांवर असेल, तर फोटोत पाणीच दिसणार नाही. ते 57 फुटांवर असेल, तर पाण्याखेरीज दुसरे काही दिसणार नाही. ज्या दिवसांची नोंद सर्वांत मोलाची, नेमके तेच दिवस कात्रीत सापडतात!

याऐवजी 4000 × 4000 पिक्सेलचा एकरंगी चौरस घ्यावा आणि त्याच्या मधोमध आपला फोटो जसाच्या तसा ठेवावा. डावीउजवीकडे 500 पिक्सेलचे कोरे पट्टे राहतील, पण पट्टीचा एकही आकडा जाणार नाही. इमेजमॅजिक या विनामूल्य साधनाने हे काम एका ओळीत होते :

```
magick pul.jpg -auto-orient -resize 1000x1000 -background "#404040" -gravity center -extent 1000x1000 pul-1000.jpg
```

येथे फोटो प्रथम सरळ होतो. मग त्याचे प्रमाण न बिघडता तो 750 × 1000 एवढा लहान होतो आणि शेवटी दोन्ही बाजूंना पट्टे जोडले जातात.

पट्ट्यांचा रंग मात्र विचारपूर्वक निवडावा. पांढरा घेतला तर पावसाळी आभाळाशी तो मिसळतो आणि फोटो कोठे संपला हे कळत नाही. फोटोच्या कडेचाच मातकट रंग घेतला तर नदी आहे त्याहून रुंद भासते. भडक निळा घेतल्यास शेजारचे गढूळ पाणी डोळ्यांना अधिक तांबूस वाटते. म्हणून मी आभाळ व पाणी या दोहोंपेक्षा गडद असा करडा रंग पसंत करतो. वरील #404040 मध्ये प्रत्येक रंगघटकाची किंमत 255 पैकी 64, म्हणजे पाव आहे; पण पडद्यावरून येणारा प्रकाश पांढऱ्याच्या जेमतेम 5 टक्के असतो, कारण आकडा व प्रकाश यांचे प्रमाण सरळ नसते. गडद चौकटीत फोटो किंचित उजळ भासतो, म्हणून सर्व फोटोंना एकच रंग द्यावा. मग तुलना सारखी राहते.

“हे पट्टे ओंगळ दिसतात,” असा आक्षेप काही शिक्षक घेतात. तो अगदीच चुकीचा नाही. पण पट्टा हा पट्टा म्हणूनच दिसावा, यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे.

या रीतीची खरी किंमत वेगळीच आहे. 1000 पिक्सेलच्या चौरसात कापलेल्या फोटोला एका फुटामागे 33 पिक्सेल मिळतात, तर पट्टे जोडलेल्या फोटोला 25. एका इंचाला दोन पिक्सेल, म्हणजे कसेबसे वाचता येईल इतके. चौरस 400 पिक्सेलचाच मागितला, तर फुटाला 10 पिक्सेल उरतात आणि इंच एका पिक्सेलहूनही लहान होतो. तेथे इंचाचा दावा करू नये. त्याऐवजी पाण्याच्या रेषेजवळचा भाग मूळ फोटोतून वेगळा घेऊन दुसरा चौरस जोडावा. येथे कापणे योग्यच आहे, कारण पूर्ण फोटो शेजारीच असतो.

पाठवण्यापूर्वी एक कसोटी लावा. फोटो मित्राला दाखवा आणि विचारा, “पाणी किती फुटांवर आहे?” त्याला आकडा सांगता आला नाही, तर तो चौरस कितीही नीटनेटका असला तरी नोंद म्हणून निरुपयोगी आहे.