‘मारत तर नाही ना?’ हा प्रश्न आता पुरे

वस्तीत एखादी बाई घरच्या त्रासाबद्दल बोलू लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मारतो का?" ती "नाही" म्हणाली की विषय संपतो. दारू पीत नाही, कमावतो, हात उचलत नाही, मग आणखी काय पाहिजे? सांभाळून घे, असं सांगून तिला परत पाठवलं जातं. आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. हात न उचलताही एका माणसाला घरात कोंडून ठेवता येतं. अशा बाईला मदत करताना आपण घाई केली, तर तिचा धोका वाढतो. या दोन्ही गोष्टींबद्दल आज बोलूया.

उदाहरण म्हणून आपण एका ताईला सविता म्हणू. ही कुणा एका घराची कहाणी नाही, अनेक घरांतल्या गोष्टी जोडून ती बनवली आहे. सविता एका कारखान्यात पॅकिंगचं काम करते. पगार बँकेत जमा होतो, पण एटीएम कार्ड नवऱ्याकडे आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही त्याचाच. तो रोज बसभाड्याचे मोजून पैसे देतो आणि संध्याकाळी हिशेब मागतो. कामावर पोचल्यावर व्हिडिओ कॉल करून आजूबाजूला कोण आहे ते दाखवावं लागतं. सार्वजनिक नळावर किंवा संडासाला गेली तरी परत यायला किती वेळ लागला ते विचारलं जातं. माहेरच्यांशी बोलायचं तर फोन स्पीकरवर. विहारातल्या महिला मंडळात जायचं तर सासूबरोबरच. एखादी गोष्ट मनाविरुद्ध झाली की तो आठ-आठ दिवस बोलत नाही आणि तिने नेमकं काय केलं तेही सांगत नाही. तिने कधी आवाज चढवलाच तर म्हणतो, "पोरं घेऊन गावी जाईन, तुला तोंडसुद्धा दिसणार नाही." या सगळ्यात एकदाही चापट नाही.

भांडण कुठल्या घरात होत नाही? पैशाची ओढाताण असली की हिशेबही विचारला जातो. मग साधं भांडण आणि अशी पकड यातला फरक ओळखायचा कसा? आम्ही दोन गोष्टी पाहायला सांगतो. पहिली, नियम दोघांना सारखा आहे का? ती त्याला पगाराचा हिशेब विचारू शकते का, त्याचा फोन उघडू शकते का? दुसरी, ती "नाही" म्हणाली तर पुढे काय होतं? साध्या भांडणात दोघं चिडतात, रुसतात आणि पुन्हा बोलू लागतात. पकड असलेल्या घरात "नाही" म्हटल्याची शिक्षा भोगावी लागते. ती टाळण्यासाठी बाई आधीच स्वतःला आवरत जाते. दारात त्याच्या चपलांचा आवाज आला की ती फोन ठेवते, हसणं थांबवते. भांडणाचा राग असतो, इथे भीती असते.

ही भीती शरीरावरही दिसते. डोकं दुखणं, छातीत धडधड, पित्त, झोप न लागणं अशा तक्रारी घेऊन ती पुन्हा पुन्हा दवाखान्यात जाते. तपासण्या बऱ्याचदा नॉर्मल येतात आणि गोळ्या देऊन तिला घरी पाठवलं जातं. अशा वेळी घरात काय चाललं आहे ते डॉक्टरांना किंवा नर्सताईंना एकटीने सांगितलं, तर त्याची नोंद रुग्णालयाच्या कागदावर होते. पुढे ती उपयोगी पडते. फक्त तो केसपेपर घरी कोण वाचतं, याचा विचार आधी करायचा.

कायद्याने हा त्रास केव्हाच ओळखला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानला आहे. अपमान करणं, मूल किंवा मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणं, तिच्या जवळच्या माणसांना इजा करण्याच्या धमक्या देत राहणं, तिचा पैसा अडवणं हे सगळं त्यात येतं. त्याच्याही कितीतरी आधी सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पतीची पाच कर्तव्यं सांगितली. पत्नीचा मान राखणं, तिचा अवमान न करणं आणि घराचा कारभार तिच्या हाती सोपवणं ही त्यातलीच. तिची पगाराची चावी स्वतःच्या खिशात ठेवणारा नवरा "मी मारत नाही" एवढ्यावर चांगला ठरत नाही.

आता मदतीकडे वळू. वस्तीची पहिली धाव असते ती दोघांना समोरासमोर बसवण्याची. चार ज्येष्ठ जमतात, नवऱ्याला समज देतात, तो मान डोलावतो. पण बाईने बाहेर काय सांगितलं ते त्याला त्या बैठकीतच कळलेलं असतं. घरी गेल्यावर त्याची किंमत तीच मोजते. शिवाय तो शेजारी बसलेला असताना ती खरं बोलू शकत नाही. म्हणून पकड असलेल्या घरासाठी अशी बैठक ही पहिली पायरी असू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पकड सुटते आहे असं वाटलं की असा माणूस जास्त आक्रमक होऊ शकतो. बाई घर सोडायला निघते तेव्हा आणि सोडल्यानंतरचे काही महिने सर्वांत जास्त जपायचे असतात. ज्याने आजवर मारलं नाही तो तेव्हा मारू शकतो. म्हणून "मी तक्रार करणार आहे" हे त्याला सांगायचं नाही, भांडणाच्या भरातही नाही.

सविताने काय केलं ते पाहू. तिने स्वतःचा फोन वापरला नाही, कारण कॉलची यादी रोज तपासली जाते. कामावरच्या मैत्रिणीच्या फोनवरून तिने १८१ ही महिला हेल्पलाइन लावली. तिच्या व्हॉट्सअॅपला दुसरा फोन जोडलेला आहे आणि ती कुठे आहे हे नकाशावर त्याला दिसतं, हे तिला तिथल्या ताईंशी बोलताना लक्षात आलं. तरी तिने ते लगेच बंद केलं नाही. अचानक बंद केलं असतं तर त्याला संशय आला असता. फोन होता तसाच ठेवून तिने महत्त्वाची बोलणी त्याच्यावरून करणं तेवढं टाळलं.

मग मुलीच्या लसीकरणाच्या दिवशी ती सरकारी रुग्णालयात गेली आणि नर्सताईंना म्हणाली, "मला एकटीला बोलायचंय." मुंबई महापालिकेच्या अनेक रुग्णालयांत यासाठी ‘दिलासा’ केंद्रं आहेत. पहिलं २००१ च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं. इतर जिल्ह्यांत ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आहे. काही पोलीस ठाण्यांत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहे, तिथे समुपदेशक बसतात. रुग्णालयात जायला घरी कारण सांगता येतं, म्हणून तो रस्ता बऱ्याच जणींना सोपा पडतो.

समुपदेशक ताईंबरोबर तिने दोन महिने तयारी केली. आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, जातीचा दाखला, लग्नाचे कागद, पासबुक यांच्या झेरॉक्स काढून त्या नवऱ्याच्या ओळखीबाहेरच्या मैत्रिणीकडे ठेवल्या. काय घडलं ते तारखेसह एका वहीत लिहिलं. ती वहीही तिथेच ठेवली, घरात नाही.

त्यानंतर संरक्षण अधिकाऱ्यांनी तिचा घटना अहवाल तयार केला आणि दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला. यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही. तिने मागितलं ते एवढंच: छळ आणि पाठलाग थांबावा, कार्ड व कागद परत मिळावेत, मुलांचा ताबा आणि खर्च मिळावा, घरातून काढू नये. झोपडीचा फोटोपास नवऱ्याच्या नावावर असला तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी सून तो मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं आहे. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. बाईसाठी तिथे उत्पन्नाची अट नाही. त्यांचा फोन १५१००.

यातला सर्वांत नाजूक दिवस म्हणजे नवऱ्याच्या हाती नोटीस पडते तो. सविता त्या दिवशी मुलांसह मावशीकडे होती. हे आधीच ठरवलं होतं. अर्ज करताना "नोटीस कधी जाईल?" हे प्रत्येकीने विचारून घ्यावं.

कायद्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, पण तारखा लांबतात. म्हणून अंतरिम आदेश आधीच मागावा. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मात्र मोडल्याचं दरवेळी कळवावं लागतं.

काही खुणा दिसल्या तर मात्र तयारीसाठी थांबायचं नाही. त्याने एकदा जरी गळा दाबला, रॉकेल-पेट्रोल किंवा हत्यार दाखवलं, जीव घेण्याची धमकी दिली, गरोदरपणात मारलं, तर लगेच बाहेर पडा आणि ११२ लावा. गळा दाबला असेल तर वर वळ दिसत नसला तरी रुग्णालयात जा. आतली इजा नंतर जिवावर येऊ शकते.

शेजारणीने, महिला मंडळाने काय करायचं? तिला एकटीला गाठून विचारा, "तुला घरात भीती वाटते का?" ती नाही म्हणाली तर मागे लागू नका, पण दार उघडं ठेवा. हो म्हणाली तर आपला फोन द्या, तिचे कागद सांभाळा आणि हे आपल्या नवऱ्यालाही सांगू नका, कारण गल्लीत गोष्ट फिरायला संध्याकाळही लागत नाही. केव्हा निघायचं, निघायचं की नाही, हे तिलाच ठरवू द्या. आजवर तिच्या वतीने सगळं दुसऱ्यानेच ठरवलं आहे, आपण तेच पुन्हा करायचं नाही.

जय भीम.